दोन दिवसांत दोन किलो वाढलं? काट्याला दोष देण्याआधी आणि जेवण सोडण्याआधी हे तपासा

लक्षणं

आठवडाभर वजन छान उतरत होतं आणि एका लग्नाच्या पंगतीनंतर काटा एकदम दीड-दोन किलोंनी वर गेला. किंवा खाणं तेच, काम तेच, तरी सोमवारी 61.2 आणि बुधवारी 62.5. किंवा नवरात्राचे उपवास धरले आणि दसऱ्याच्या सकाळी वजन उलट वाढलेलं. किंवा पोळी-भात सोडला, पहिल्या आठवड्यात दोन-अडीच किलो गेले आणि त्यानंतर काटा हलायला तयार नाही. सोबत कधी अंगठी घट्ट होते, मोज्याचा वळ पायावर उठून राहतो, पोट तट्ट वाटतं. कधी यातलं काहीच नसतं, फक्त आकडा असतो.

मी तालुक्याच्या गावी आहारसल्ल्याचं काम करते. बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून येणाऱ्यांची हीच तक्रार सगळ्यात जास्त. "मॅडम, खाल्लं तं काहीच नाही जी, मंग वाढलं कसं?" बहुतेक जण खोटं बोलत नसतात. वजन वाढलेलं असतं, चरबी वाढलेली नसते.

हिशोब साधा आहे. अंगावर एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण 7,700 कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. कामधंदा करणाऱ्या बाईची दिवसाची गरज 2,000 च्या आसपास धरा. सोमवार ते बुधवार 1.3 किलो चरबी वाढायची तर रोजच्या जेवणावर 10,000 कॅलरी जास्त खायला हव्यात, म्हणजे दोन दिवसांत सात दिवसांचं जेवण. तेवढं खाल्लं असतं तर विचारायला माझ्यापर्यंत यायची गरज पडली नसती.

कापूसवाल्यांना हे सांगावं लागत नाही. रात्रभर दव खाल्लेल्या कापसाचं वजन भरतं, कापूस मात्र तेवढाच असतो. म्हणून तर खरेदी केंद्रावर आधी मॉइश्चर मीटर खुपसतात आणि 12 टक्क्यांच्या वर गेलं की गाडी अडवतात. माणसासाठी घरात असा मीटर नाही. त्याच्या जागी खालच्या तपासण्या करायच्या, याच क्रमाने. पहिल्या दोन फुकटच्या आहेत आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पहिली तपासणी: काटा आणि जमीन

डिजिटल काट्याच्या चारही पायांवर सारखा भार यावा लागतो. सारवलेली जमीन, चटई, उंचसखल फरशी यांवर तोच माणूस अर्धा-एक किलो कमी-जास्त दिसतो. काटा सपाट फरशीवर ठेवा आणि जागेवर खडूने खूण करा. रोज तिथेच. सेल कमजोर असेल तर बदला.

मग तीनदा उभं राहून पाहा. इथे एक गोम आहे. काही काटे आधीचा आकडा लक्षात ठेवतात आणि नवं वजन जवळपास असेल तर जुनाच आकडा परत दाखवतात. म्हणून दोन वेळांच्या मध्ये काट्यावर दुसरं काही ठेवा, पाण्याने भरलेली बादली चालेल, आणि मग पुन्हा उभं राहा. तिन्ही आकडे 200 ग्रॅमच्या आत आले तर काटा कामाचा आहे. खरेपणा पाहायचा असेल तर घरात न फोडलेलं युरियाचं पोतं असतंच. हल्ली ते 45 किलोंचं येतं, जुन्या सवयीने 50 धरू नका. काटा एक किलो जास्त दाखवत असला तरी रोज तेवढंच जास्त दाखवत असेल तर आपलं काम भागतं, कारण आपल्याला फरक पाहायचा आहे. दवाखान्यातला आकडा घरच्या आकड्याशी जुळवायला मात्र जाऊ नका. मागच्या महिन्यात उपकेंद्रात 58 आणि आज घरी 59.5 यावरून काहीच ठरत नाही.

दुसरी तपासणी: वेळ

सकाळी उठून, संडास-लघवी करून, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत. एवढंच. रात्रभरात लघवी, घाम आणि श्वासावाटे सहज अर्धा किलो किंवा जास्त निघून जातो, म्हणून रात्रीचं वजन आणि सकाळचं वजन यांची तुलनाच होत नाही. एक लिटर पाणी पिऊन काट्यावर चढा, आकडा लगेच एक किलोने वाढेल. मे महिन्यात दुपारपर्यंत शेतात राबून आलेला माणूस याच्या उलट दीड किलो कमी भरतो, खूश होतो आणि संध्याकाळपर्यंत ते सगळं पाण्यावाटे परत येतं. येऊ द्यायचंच असतं.

तिसरी तपासणी: आतड्यात काय आहे

तीन दिवस पोट साफ नाही, हे वजनात दिसतं. नेहमीपेक्षा जास्त भाजी, डाळ, ज्वारी खाल्ली तरी दिसतं, कारण चोथा स्वतःसोबत पाणी धरून ठेवतो. हुरड्याच्या दिवसांत रोज पोटभर हुरडा खाणाऱ्यांचं अर्धा किलो असंच असतं. हे वजन अंगाचं नव्हे, वाटेतल्या मालाचं. पोट नियमित झालं की जातं, त्यासाठी उपाय करत बसू नका.

चौथी तपासणी: मीठ

इथे जरा थांबून समजून घ्या, कारण अर्धी उत्तरं इथे आहेत.

शरीर रक्ताचा खारटपणा जवळपास एकाच पातळीवर राखतं. जास्त मीठ आत गेलं की तहान लागते, तुम्ही पाणी पिता, आणि किडनी ते मीठ बाहेर टाकेपर्यंत पाणी अंगात राहतं. ते किती हे सलाईनच्या बाटलीवरून कळतं. साध्या सलाईनमध्ये एका लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं, आणि आपल्या पेशींबाहेरचं पाणीही साधारण तेवढंच खारट असतं. म्हणजे अंगात 9 ग्रॅम मीठ जास्तीचं अडकलं तर त्याच्यासोबत सुमारे एक लिटर पाणी अडकतं. काट्यावर एक किलो. चरबीचा एक कणही न वाढता.

9 ग्रॅम म्हणजे चहाचे दोन चमचेसुद्धा नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहण्याचा आहे. आपल्याकडे तर्री पोहे, दुपारी ठेचा-लोणचं, वरून पापड आणि तळलेली सांडगी मिरची, संध्याकाळी चिवडा, असा दिवस गेला की 5 ग्रॅमची हद्द कधी मागे पडली ते कळतही नाही. पंगतीत तर भाजीपासून मठ्ठ्यापर्यंत सगळ्यातच मीठ सढळ हाताने पडलेलं असतं.

उपवासात वजन वाढतं त्याचं कोडंही इथे निम्मं सुटतं. सैंधव चालतं म्हणून लोक सैल सोडतात, पण सैंधव हेही मीठच, सोडियम जवळपास तितकंच. बटाट्याचा चिवडा, वेफर्स, उपवासाचे पापड हे सगळे खारट. उरलेलं निम्मं कोडं पुढच्या तपासणीत सुटेल, कारण साबुदाणा, भगर, शिंगाडा आणि बटाटा हे सगळे पिठूळ पदार्थ आहेत.

ओळखायचं कसं? आदल्या संध्याकाळी नेहमीपेक्षा तहान होती का, सकाळी अंगठी घट्ट आहे का, मोज्याची खूण रोजच्यापेक्षा खोल आहे का. हे असेल तर घरचं साधं जेवण घ्या, पापड-लोणचं बाजूला ठेवा, तहानेप्रमाणे पाणी प्या आणि चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा. निरोगी किडनीला हा माल बाहेर काढायला साधारण दोन ते चार दिवस लागतात. मीठच कारण असेल तर आकडा आपोआप उतरतो आणि त्या दिवसांत लघवीही जास्त होते.

उन्हाळ्यात शेतात घाम गाळणाऱ्याने मात्र हे वाचून मीठ बंद करू नये. घामात पाण्यासोबत मीठही जातं. त्याला दोन्ही लागतात.

पाचवी तपासणी: ग्लायकोजेन

पोळी, भाकर, भात, साखर यांचं शरीर काही भाग साठवून ठेवतं. त्या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसाच्या यकृतात तो साधारण 100 ग्रॅम आणि स्नायूंमध्ये 400 ग्रॅमच्या आसपास मावतो. एवढ्याने काय होतं, असं वाटेल. पण प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन स्वतःसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी बांधून ठेवतं. म्हणजे भरलेला साठा पाण्यासकट दोन किलोंच्या घरात जातो.

पोळी-भात एकदम सोडला की शरीर पहिल्या काही दिवसांत हा साठा वापरतं आणि बांधलेलं पाणी मोकळं होऊन लघवीवाटे जातं. पहिल्या आठवड्यातले ते दोन-अडीच किलो बहुतांशी हेच. पुढच्या आठवड्यात काटा अडतो, कारण सोडायला पाणी उरलेलं नसतं आणि चरबी तिच्या संथ गतीने जात असते. परत पोळी सुरू केली की साठा एक-दोन दिवसांत भरतो आणि पाणी परत येतं. याला लोक "वजन उलटलं" म्हणतात. उलटलं काहीच नाही.

एक प्रकरण आकड्यांसकट सांगते. एक शिक्षिका, वजन 68.4. महालक्ष्म्यांच्या आधी आठ दिवस त्यांनी पोळी, भात आणि साखर बंद केली. वरण, भाजी, दही आणि अंडी एवढंच, पापड-लोणचंही नाही. आठव्या दिवशी 66.2. मग महालक्ष्म्या आल्या. दोन दिवस पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, भजी, भात. तिसऱ्या दिवशी सकाळी 68.5. सुरुवातीपेक्षाही 100 ग्रॅम जास्त. बाई आल्या त्या निर्जळी उपवास करायचं ठरवूनच.

आधी चरबीचा हिशोब मांडला. 2.3 किलो चरबी म्हणजे सुमारे 17,700 कॅलरी वरच्या. तूप ओतलेल्या मोठ्या पुरणपोळीच्या 350 कॅलरी धरल्या, तर दोन दिवसांत रोजच्या जेवणाच्या वर पन्नास पुरणपोळ्या. "इतक्या तं आमच्या घरी झाल्याच नाही मॅडम," असं त्या म्हणाल्या.

मग खरी वाटणी. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे, पण फार चुकणारा नाही. पहिल्या आठ दिवसांत त्यांनी रोज साधारण 600 कॅलरी कमी खाल्ल्या असाव्यात, म्हणजे चरबी गेली 600 ग्रॅमच्या आसपास. 250 ग्रॅम ग्लायकोजेन पाण्यासकट रिकामं झालं, तो एक किलो. उरलेले 600 ग्रॅम कमी मिठाचं पाणी आणि आतड्यातला कमी झालेला माल. झाले 2.2.

परत येताना ग्लायकोजेनचा एक किलो भरून आला. वडे-भजी-पापड-कढीच्या मिठाने पाऊण किलो पाणी धरलं. त्यासाठी 7 ग्रॅमच्या आसपास मीठ अंगात अडकलं तरी पुरतं. पोटात जड जेवणाचा 400 ग्रॅम माल. आणि खरी नवी चरबी? जास्तीच्या खाण्याचा सगळा हिशोब करून 150 ग्रॅम. एकूण 2.3.

त्यांना उपवास करू दिला नाही. दोन पोळ्या, वरण-भात, भाजी, नेहमीचं मीठ, एवढं सुरू ठेवायला सांगितलं. पाचव्या दिवशी सकाळी काटा 67.9 वर होता. तो आकडा खरा. 68.4 मधून साधारण 600 ग्रॅम चरबी गेली, सणाची 150 ग्रॅम परत आली, हाती उरले साडेचारशे-पाचशे ग्रॅम. त्या नाराज झाल्या, कारण 66.2 हा आकडा त्यांना आवडला होता. पण तो कधी त्यांचा नव्हताच.

आता ओळखायची रीत. गेल्या आठवड्यात पोळी-भात-साबुदाण्याचं प्रमाण अचानक बदललं का, हे पाहा. बदललं असेल तर एक ते दोन किलोंचा फरक त्यातच धरा. मिठाचं पाणी चार दिवसांत उतरतं. ग्लायकोजेनचं पाणी मात्र तुम्ही पोळी-भात खात आहात तोवर राहणार. ते उतरवायचं नसतं. नांगरणी, निंदण, फवारणी हे सगळं त्याच साठ्यावर होतं. तो रिकामा ठेवून कामाला गेलात तर दुपारी पाय गळतात.

सहावी तपासणी: पाळी, नवं कष्टाचं काम, गोळ्या

पाळीच्या आधीच्या आठवड्यात अनेकींचं वजन अर्धा ते दोन किलो वाढतं आणि पाळी सुरू झाल्यावर उतरतं. कॅलेंडरवर खूण करत जा, दोन-तीन महिन्यांत स्वतःची चाल कळते. या महिन्यातला पाळीनंतरचा आकडा मागच्या महिन्यातल्या पाळीनंतरच्या आकड्याशीच ताडून पाहा.

खूप दिवसांनी जड काम किंवा व्यायाम केला आणि अंग दुखतंय, तर त्या दुखऱ्या स्नायूंमध्ये पाणी जमतं. आठवड्यात ते जातं.

गोळ्यांकडे मात्र नीट पाहा. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात. स्टिरॉइड त्याहून जास्त. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनने पाय सुजतात. आणि "जडीबुटीची पूड, दोन दिवसांत दुखणं गायब" असा माल कुठून घेत असाल तर त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता धरून चाला, विशेषतः चेहरा गोल व्हायला लागला असेल तर. अशी पूड बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करू नका, ती डॉक्टरांना दाखवा. लिहून दिलेली गोळीही मनाने थांबवायची नाही.

हे करू नका

पाणी तोडू नका. वजन उतरल्यासारखं दिसतं आणि पहिल्या दोन तांब्यांसरशी परत येतं. विदर्भात तर याला एक जादा कारण आहे: आपल्याकडे सिकलसेल बऱ्याच घरांत आहे, आणि सिकलसेलच्या रुग्णाला अंगातलं पाणी कमी झालं की वेदनेचा झटका येऊ शकतो. घरात कुणाकडे सिकलसेलचं कार्ड असेल तर त्यांच्या बाबतीत निर्जळीचा विषयच काढू नका.

लघवी वाढवणारी गोळी कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. तिच्याने पाण्यासोबत पोटॅशियमही जातं, आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो.

हे सगळं तपासूनही आकडा समजत नसेल तर रोज सकाळी वजन लिहा आणि सात दिवसांची सरासरी काढा. या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडा. एकट्या दिवसाच्या आकड्यावरून जेवण बदलायचं नाही.

इथे थांबा आणि दवाखाना गाठा

वरचं सगळं निरोगी माणसासाठी आहे. खालचं काही असेल तर मीठ-पोळीचा हिशोब करत बसू नका.

हृदयाचा त्रास आधीपासून आहे आणि तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आडवं झाल्यावर दम लागतो, रात्री उठून बसावं लागतं, तर थांबायचंच नाही, 108 ला फोन करा.

गरोदरपणाचे पाच महिने उलटल्यावर वजन झपाट्याने वाढलं आणि चेहरा-हात सुजले, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येते, वरच्या पोटात दुखतं, यांतलं एकही असेल तर रात्र असली तरी निघा. रक्तदाब मोजल्याशिवाय कुणी "गरोदरपणात सूज असतेच" म्हणालं तर ऐकू नका. आशाताईंना फोन केला तर गाडीची सोय लवकर होते.

नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खड्डा पडून राहतो आणि आठवडाभरात कमी होत नाही, सकाळी डोळ्यांखाली सूज असते, लघवीला फेस येतो किंवा लघवी कमी झाली आहे, तर किडनी, यकृत किंवा थायरॉइडची तपासणी लागेल. ती घरी होत नाही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ते पाण्याचं काम नसून रक्ताची गाठ असू शकते. त्या पायाला मालिश करू नका, लगेच दाखवा.

आणि उलट दिशेनेही. काही न करता वजन आठवड्या-आठवड्याला उतरतंय, तहान फार लागते, रात्री लघवीला उठावं लागतं, तर आनंद मानू नका, साखर तपासा.

जाताना वजनाची वही न्या आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, पुडीतली पूडसुद्धा. डॉक्टर पहिले प्रश्न त्याच दोन गोष्टींबद्दल विचारतात.